‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’: दुसरीच्या मुलांना कसं सांगाल?

पाटीपेन्सिल: दुसरीच्या मुलांसाठी म्हणी सोप्या करते आहे. या म्हणीचा अर्थ मी असा दिलाय: ‘मेहनत केली नाही तर यश मिळत नाही.’ शेजारी दोरी ओढणाऱ्या मुलीचं चित्र आहे. आड-पोहरा काढून सरळ ‘विहीर-बादली’ केलं तर चालेल ना?

ओळंबा: नाही चालणार. चित्रातली मुलगी घाम गाळून दोरी ओढतेय, म्हणजे मेहनत पुरेपूर झाली. तरी पोहरा रिकामा का आला, हे म्हण सांगते. मेहनतीची शिकवण द्यायची तर ‘दे रे हरी पलंगावरी’ आहेच.

मुलाला इतकंच सांगा: ‘जिथून आणायचं तिथेच ती वस्तू नसेल, तर आणणाऱ्याच्या हाताला काय लागणार? मग आणणाऱ्यावर चिडायचं नाही, आधी खाली डोकावून बघायचं.’ एवढ्यात म्हणीतलं काही सांडत नाही, आणि एकही शब्द असा नाही की जो दुसरीतल्या मुलाला अडेल.

जर्सीतली_मावशी: आमच्या रविवारच्या मराठी वर्गात मी ‘नळात नाही तर बादलीत कुठून येणार’ असं करून टाकलं. इथल्या पोरांनी आड बघितलाय कुठे? पोरं म्हणाली, टाकी भरा. संपला विषय.

देशावरचा: मावशी, पोरांनी तुमचीच म्हण उडवली की! नळाला पाणी नसलं तर ते उद्या येतं, टँकर येतो. आडाच्या तळाशी झरा आटला की कुणाला सांगणार?

आणि पाटीपेन्सिलताई, आड आणि विहीर एक नव्हे. आड अरुंद आणि खोल असतो, आत उतरायला पायऱ्या नसतात. घरचं प्यायचं पाणी काठावर उभं राहून शेंदायचं. विहीर रुंद असते, तिच्यावर मोट चाले. बैल धावेवरून उतरत, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई आणि तिथून पाणी पाटाने रानात जाई. हल्ली पुस्तकांतली चित्रं काढणारे आडावर मोट बसवतात आणि मोटेला बादलीची कडी लावतात. कुणाला काही वाटत नाही!

मालवणी_मिरी: आमच्याकडे आड नाही, बाव. पावसाळ्यात पाणी इतकं वर येतं की काठावरून कळशी बुडवता येते. तुमची ही म्हण आमच्या मुलांना मे महिन्याशिवाय कळायची नाही. सगळा महाराष्ट्र म्हणजे देश नव्हे, हेही कधीतरी शिकवा.

देशावरचा: बावीचं कौतुक पुरे. म्हणीत आड आहे, बाव नाही.

मालवणी_मिरी: मग बावीवर पाणी भरणाऱ्यांच्या पोरांनी म्हण पाठ करायची आणि गप्प बसायचं?

ओळंबा: दोघेही थांबा. हे भांडण वाटतं तितकं फुकट नाही. आड ठेवायचा तो जुना शब्द म्हणून नव्हे. तो अरुंद, खोल आणि अंधारा असतो, वरून तळ दिसेलच असं नाही. खाली काय आहे याची खबर बऱ्याचदा पोहराच आणतो, म्हणून लोक पोहऱ्यावरच चिडतात. रुंद विहिरीत वाकलं की पाणी दिसतं, मग म्हणीतली गंमतच जाते. शब्द आड ठेवा आणि शेजारी उभा छेद दाखवणारं चित्र द्या. वर माणूस, मध्ये लांब दोर, खाली कोरडा तळ.

तिरपी_टोपी: फार गोड करताय सगळं. ही म्हण टोमणा आहे, साहेब. मास्तरला येत नाही तर पोरांना काय येणार, बापात नाही तर लेकात कुठून, असाच वापर आहे तिचा. ‘खाण तशी माती’ म्हणजे तरी दुसरं काय? आणि गाइडवाल्यांनी एका गुणासाठी एका ओळीचा अर्थ छापून सगळ्या म्हणींचं भरीत केलंय, ते वेगळंच.

ओळंबा: टोमणा आहे हे निम्मं बरोबर. ‘खाण तशी माती’ मात्र वेगळी. तिथे माती मिळते, फक्त ती खाणीच्या गुणाची असते. इथे काहीच मिळत नाही. लेकाला बापाच्या वळणावरून बोलायचं तर खाणीची म्हण वापरा, आडाला मध्ये आणू नका.

आता खरी गोची. मुलं म्हण उलटी करून ऐकतात: पोहरा रिकामा आला, म्हणजे आडात नाहीच. म्हण असं म्हणत नाही. पेपरात कमी गुण पडले की ‘याच्या डोक्यातच नाही’ म्हणून मोठी माणसं ही म्हण मुलावर फेकतात, तीही याच चुकीने.

हे बोलून पटत नाही, करून दाखवा. आतलं दिसणार नाही असा उंच डबा घ्या, निदान दोन वीत खोल. प्लास्टिकच्या हलक्या पेल्याला काठाशी समोरासमोर दोन भोकं पाडून दोरीची कडी करा. पहिल्यांदा डबा कोरडा ठेवा, पेला सोडा, ओढा. रिकामा. मग मुलांना पाठ फिरवायला सांगून डबा अर्धा भरा आणि पेला अलगद सोडा. तो पाण्यावर उभाच्या उभा तरंगतो आणि पुन्हा रिकामा येतो. आता विचारा, ‘दोन्ही वेळा कारण एकच होतं का?’ मुलं आपणहून डब्यात डोकावतात. तिसऱ्यांदा कडीजवळ काठाला एका बाजूला जड नट बांधा. पेला कलंडतो, भरतो. आडावरही पोहरा सोडल्यावर दोराला हिसका द्यावा लागतो, तो यासाठीच.

पेला स्टीलचा घेऊ नका. तो कलून आपणच बुडतो आणि दुसरी फेरी फसते.

पाटीपेन्सिल: बरं, प्रयोग घेते. पण मुलांना समजलं हे ओळखायचं कसं? अर्थ तर पाठ करूनही सांगतील.

ओळंबा: अर्थ विचारूच नका. प्रसंग द्या आणि ‘म्हण बसते का’ एवढंच विचारा. दुकानातल्या पेन्सिली संपल्या, ताई रिकाम्या हाताने आली: बसते. दादाला स्वतःला पोहता येत नाही आणि तो धाकटीला शिकवायला निघालाय: बसते. लाडू डब्यात आहेत, पण फळी उंच आहे: बसत नाही, आडात आहे ना! अभ्यास न करता खेळत बसला: इथे मुलं अडतात. कुणी ‘बसते’ म्हणालं तर लगेच चूक म्हणू नका. ‘यातला आड कुठला?’ असं विचारा. ‘त्याचं डोकं, त्यात आज काही घातलंच नाही’ असं उत्तर आलं तर ते मूल तुमच्या गाइडपेक्षा पुढे आहे.

तिरपी_टोपी: म्हणजे शेवटी मेहनतीवरच आलात! पाटीपेन्सिलताईंचं काय चुकलं होतं मग?

ओळंबा: आड भरायची मेहनत वेगळी, दोर ओढायची वेगळी. चित्रात दुसरी होती.

तिरपी_टोपी: वा, दुसरीच्या पोरांना हे वकिली कलम पाठवा. प्रयोग बरा आहे, तेवढं मान्य. टोमणा काढलात ते मात्र मला मंजूर नाही. मोठेपणी कुणी ही म्हण त्यांना ऐकवेल तेव्हा पोरं ‘पेला कलंडवा’ म्हणतील.

मालवणी_मिरी: म्हणू देत की.

जर्सीतली_मावशी: उंच डबा नसेल तर फुलदाणी चालेल का? तोंड चार बोटं रुंद आहे.

ओळंबा: काचेची नको, आतलं दिसेल. आणि चार बोटांत पेला कलंडायला जागा राहत नाही, निदान वीतभर तोंड हवं. कागद गुंडाळलेली बादली घ्या.

देशावरचा: बादलीला आड म्हणणार! चालू द्या.