मदत हवी आहे: 'बाय द टाइम' आणि 'धिस टाइम टुमॉरो'च्या गाळलेल्या जागा

नाशिककर_आई
मुलगी अकरावीत आहे. काळांचे नियम पाठ आहेत, तरी गाळलेल्या जागा भरताना 'विल बी' की 'विल हॅव' इथे अडते. कालच्या वर्कशीटमधली ही तीन वाक्यं बघा:

'बाय द टाइम वी रीच नाशिक रोड, द पंचवटी ___ (लीव्ह).' तिने 'विल हॅव लेफ्ट' लिहिलं, बरोबर आलं.
'धिस टाइम टुमॉरो, वी ___ (सिट) इन द पंचवटी.' तिने 'विल हॅव सॅट' लिहिलं, चूक.
'बाय धिस टाइम टुमॉरो, दे ___ (लोड) ऑल द ग्रेप्स.' तिने 'विल बी लोडिंग' लिहिलं, तेही चूक.

दुसऱ्या वाक्याबद्दल तिचं म्हणणं असं, की 'उद्या या वेळी आपण गाडीत बसलेलो असू', म्हणजे बसणं झालेलंच आहे, मग परफेक्ट का नाही? मला उत्तर देता आलं नाही.

सिडको_काका
सोपं आहे ताई. 'बाय' दिसला की डोळे मिटून 'विल हॅव', नुसतं 'धिस टाइम' असेल तर 'विल बी'. आम्ही स्पर्धा परीक्षेला एवढ्यावरच मार्क काढले.

येवला_पैठणी
पण पहिल्यात 'हॅड लेफ्ट' नको का? माझ्या भाच्याच्या पुस्तकात 'बाय द टाइम'बरोबर तेच आहे.

व्याकरण_मास्तर
येवलाताई, भाच्याच्या वाक्यात 'रीच्ड' असणार. गोष्ट घडून गेलेली असली की 'हॅड लेफ्ट'. इथे 'रीच' आहे, म्हणजे अजून पोचायचंय. आपण मराठीत 'पोचू तोपर्यंत' म्हणतो म्हणून मुलं 'बाय द टाइम वी विल रीच' लिहितात. त्या भागात 'विल' येत नाही, साधा वर्तमानकाळच राहतो.

आता मूळ प्रश्न. मुलगी चुकली, पण तिचा विचार आळशी नाही. मराठीत 'बसलेलो असू' हे बहुतेक परफेक्टसारखंच दिसतं, आणि पुष्कळ क्रियापदांना चालतंही: 'गाडी सुटलेली असेल', 'पेपर संपलेला असेल'. गडबड होते ती बसणे, झोपणे, उभं राहणे, नेसणे अशांच्या बाबतीत. 'ती पैठणी नेसलेली असेल' म्हणजे नेसण्याचं काम संपलं, पण पैठणी अंगावर आहेच. इंग्रजी त्या चालू अवस्थेकडे बघतं आणि म्हणतं 'शी विल बी वेअरिंग'. गाडीत बसलेलो असू म्हणजे 'वी विल बी सिटिंग'. 'विल हॅव सॅट' वाचणाऱ्याला वाटेल की बसणं उरकलं.

तिला एक ताडून बघायला सांगा. 'लेलं असेल'च्या जागी 'ऊन झालं असेल' किंवा 'ऊन गेलं असेल' घालायचं. 'गाडी निघून गेली असेल' जमतं. 'द्राक्षं भरून झाली असतील' जमतं. 'उद्या या वेळी आपलं गाडीत बसून झालं असेल' म्हटलं की उतरल्यासारखं वाटतं, म्हणजे तिथे 'विल बी'.

तिसऱ्या वाक्यात 'ऑल' आणि 'बाय' हे दोन्ही मिळून सांगतात. 'बाय' म्हणजे उद्याच्या त्या वेळेच्या आत, आणि 'ऑल' म्हणजे सगळी द्राक्षं भरून झालेली. 'बाय' काढून 'धिस टाइम टुमॉरो, दे ___ द ग्रेप्स' केलं, तर 'विल बी लोडिंग' बरोबर: त्या वेळी बागेत गेलात तर क्रेट चढताना दिसतील.

सिडको_काका
म्हणजे माझा नियम बरोबरच निघाला की.

व्याकरण_मास्तर
काका, या तीन वाक्यांपुरता. 'बाय द टाइम यू कम आउट, इट विल बी रेनिंग' हे चांगलं इंग्रजी आहे: तुम्ही बाहेर याल तोवर पाऊस सुरू झालेला असेल आणि पडतच असेल. उलट 'धिस टाइम टुमॉरो, आय विल हॅव फिनिश्ड माय लास्ट पेपर' हेही चालतं. शब्द बघून अंदाज बांधा, पण क्रियापद त्या क्षणी संपलेलं आहे की चालू, हे बघितल्याशिवाय लिहू नका.

नाशिककर_आई
सर, 'बसून झालं' म्हणताच तिला पटलं. मग तिनेच गाइडमधलं हे काढून दाखवलं: 'बाय द टाइम यू कम होम, आय ___ (स्लीप)'. उत्तर छापलंय 'विल हॅव स्लेप्ट'. तुमच्या कसोटीने तर 'झोपून झालं असेल' होतं!

व्याकरण_मास्तर
मी 'विल बी स्लीपिंग' लिहीन. 'विल हॅव स्लेप्ट'ला पुढे 'फॉर फाइव्ह अवर्स' असं काही असतं तर अर्थ लागला असता. गाइडवाल्याने 'बाय' बघून छापलेलं दिसतंय.

सिडको_काका
पण तपासणाऱ्याकडे तीच उत्तरतालिका असली तर?

नाशिककर_आई
हाच प्रश्न मलाही पडलाय. उद्या ती वर्गात दोन्ही वाक्यं बाईंना दाखवणार आहे. कुणाच्या मुलांना असं वाक्य परीक्षेत आलं होतं का, आणि मार्क कशाला मिळाले?