मदत हवी आहे : ऑफिसच्या दाराजवळ पार्किंगची जागा मागायची आहे, अर्ज कोणाला आणि कसा लिहावा?

शमिका_प

पुण्यात एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये काम करते. कंपनीत दीडशेच्या वर माणसं आहेत. डाव्या पायाला पोलिओ, मांडीपर्यंतचं कॅलिपर आणि एक कुबडी. 60 टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड दोन्ही आहे. मागे जोडचाकं लावलेली स्कूटर चालवते, आरसीवर तशी नोंद आहे.

ऑफिस भाड्याच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. दुचाकी दुसऱ्या तळघरात लावायच्या, पण लिफ्ट पहिल्या तळघरापर्यंतच येते. म्हणजे गाड्यांच्या उतारावरून चालत एक मजला वर यायचं. पावसाळ्यात तो ओला असतो. इमारतीसमोर दाराच्या बाजूला गाड्यांच्या आठ जागा आहेत, दोन पाहुण्यांसाठी, सहा आमच्या कंपनीच्या वरिष्ठांसाठी.

एचआरला तोंडी विचारलं तर म्हणाले, पार्किंग इमारतवाल्यांचं आहे. इमारतीचा मॅनेजर म्हणतो, कंपनीकडून पत्र आणा. अर्ज नक्की कोणाला करू? आजाराचे कागद किती द्यायचे? माझ्याशिवाय अजून कोणी मागणारं नाही, त्यामुळे वशिला लावल्यासारखं दिसू नये अशी इच्छा आहे.

रानवारा

ताई, आरटीओत चौकशी करा. दिव्यांगांच्या वाहनाला करात सवलत असते, गाडीवर चिन्हही लावता येतं. ते असलं की पार्किंगवाले अडवत नाहीत.

शमिका_प

ते झालंय दादा, धन्यवाद. चिन्ह गाडीवर आहेच. प्रश्न ऑफिसातल्या जागेचा आहे, रस्त्यावरच्या नाही.

कलम_दाखवा

यात विनंती कसली करायची? दिव्यांग हक्क कायदा 2016 आहे. 40 टक्क्यांच्या वर असाल तर कंपनीला जागा द्यावीच लागते, नाही दिली तर पाच लाख दंड. सरळ वकिलाची नोटीस पाठवा, दोन दिवसांत पाटी लागेल.

सुगम्य_मोजपट्टी

नोटिशीची घाई नको. वरच्या प्रतिसादात अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यावर विसंबून अर्ज लिहिला तर कंपनीचा वकील पहिल्याच ओळीत तो खोडेल.

40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांना आहे. कामाच्या ठिकाणी सोय मागायला ती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे. शमिकाताईंना अडचण नाही, पण 30 टक्केवाल्याने हा धागा वाचून गप्प बसू नये म्हणून सांगतो. दंड पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आहे. पन्नास हजार ते पाच लाख हा आकडा त्यानंतरच्या उल्लंघनाचा.

महत्त्वाचं म्हणजे कलम 20 मध्ये "सोय केलीच पाहिजे" हे सरकारी आस्थापनांसाठी लिहिलेलं आहे. खासगी कंपनीला धरायचं तर वाट वेगळी आहे. कायद्यातल्या भेदभावाच्या व्याख्येतच वाजवी सोय नाकारणं येतं. 2017 च्या नियमांतला नियम 3 सांगतो, की वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेकडे भेदभावाची तक्रार आली तर प्रमुखाने एक तर कारवाई करावी, नाही तर आपली कृती का योग्य आहे हे लेखी कळवावं. तोंडी "आमच्या हातात नाही" इथे चालत नाही. त्याच नियमात आणखी एक ओळ आहे जी पुढे कामाला येईल: सोयीचा खर्च पूर्ण किंवा अंशतः कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही.

आता अर्ज कोणाला? वीसच्या वर माणसं असलेल्या कंपनीला समान संधी धोरण करावं लागतं आणि त्यात संपर्क अधिकारी नेमावा लागतो. आधी वेबसाइटवर किंवा सूचना फलकावर ते धोरण शोधा. नाव सापडलं तर अर्ज त्यांच्या नावे, प्रत एचआर प्रमुख आणि अॅडमिनला. धोरणच नसेल तर अर्ज एचआर प्रमुखांना, आणि शेवटी एक ओळ: "कंपनीचे समान संधी धोरण व संपर्क अधिकाऱ्याचे नाव कळवावे." भांडण नाही, पण समोरच्याला फाईल उघडावी लागते.

आजाराचे रिपोर्ट अजिबात जोडू नका. यूडीआयडीची प्रत आणि डॉक्टरांची एक पानी चिठ्ठी पुरे. चिठ्ठीत निदान नको, शरीराला काय जमत नाही ते हवं: सलग किती अंतर चालता येतं, उतारावर काय होतं, ओल्या फरशीवर काय होतं, किती वेळ उभं राहता येतं. "रुग्णास चालण्यास त्रास होतो" एवढंच लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी, कारण त्यावर एचआर म्हणतं की मग तळघरातच लिफ्टजवळची जागा घ्या.

शमिका_प

हेच म्हणणार आहेत ते! पहिल्या तळघरात लिफ्टजवळ जागा देतो म्हणाले तर?

सुगम्य_मोजपट्टी

तर ती नीट बघून मगच हो किंवा नाही म्हणा. दाराजवळचीच जागा हवी असा हट्ट धरण्यापेक्षा, गाडीवरून उतरल्यापासून लिफ्टच्या दारापर्यंतची वाट कशी आहे ते तपासा. मोजपट्टी घेऊन कोणाला तरी सोबत न्या. अंतर किती, मध्ये पायरी किंवा गतिरोधक आहे का, पाणी वाहून जायची लोखंडी जाळी आहे का. जाळीच्या फटीत कुबडीचं रबरी टोक अडकतं आणि कुबडी जागीच राहते, माणूस पुढे जातो. मग लिफ्ट बंद पडली तर काय, तेही विचारा. तळघरात त्या दिवशी पुन्हा उतारच उरतो. चालण्यासाठीच्या रॅम्पचा उतार 1:12 लागतो, म्हणजे 12 मीटर चालल्यावर 1 मीटर चढ. गाड्यांचा उतार त्याहून बराच तीव्र असतो आणि त्याला कठडाही नसतो. अर्जात हा मुद्दा आधी लिहा.

इमारतींच्या मानकांत दिव्यांगांची जागा प्रवेशापासून 30 मीटरच्या आत आणि 3.6 मीटर रुंद सांगितली आहे. 30 मीटरचा आधार घ्या, 3.6 वर अडून बसू नका. ती रुंदी मोटारीचं दार उघडून व्हीलचेअर बाजूला लावता यावी म्हणून आहे. तुमच्या स्कूटरची मागच्या चाकांपाशी रुंदी किती?

शमिका_प

112 सेंटिमीटर. रिव्हर्स गिअर नाही. डावीकडे उतरते, उतरताना कॅलिपरचा गुडघा लॉक करावा लागतो.

सुगम्य_मोजपट्टी

म्हणजे लॉक केलेला पाय सरळ बाजूला येतो, आणि त्याच बाजूला कुबडीही टेकवायची. डावीकडे 1 मीटर मोकळं धरा. 112 आणि 100 मिळून 212 सेंटिमीटर. मोटारीची साधी अडीच मीटरची जागा तुम्हाला पुरते, रेघा नव्याने मारायची गरज नाही. कंपनीला हे ऐकायला आवडेल. दुचाकींच्या ओळीत मात्र हे कधीच बसणार नाही. शेजारचा दीड वीत अंतरावर गाडी लावून जातो आणि संध्याकाळी तुम्हाला चढताच येत नाही.

रिव्हर्स नाही म्हणजे पाय टेकून गाडी मागे ढकलणं आलं, ते तुम्हाला शक्य नाही. म्हणून कडेची जागा मागा, जिथून वळून किंवा सरळ पुढे बाहेर पडता येईल. तिन्ही बाजूंनी भिंत असलेली जागा दाराशेजारी असली तरी घेऊ नका. जमीन सपाट हवी.

मधुरा७९

मी पण विचारते. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तीन महिने वॉकर. मला पण हा कायदा लावता येईल का?

सुगम्य_मोजपट्टी

कायद्यातली व्याख्या दीर्घकालीन बाधेची आहे, तीन महिन्यांना ती लावणं कठीण. पण अमुक तारखेपर्यंत म्हणून मागा. शेवटची तारीख दिसली की बहुतेक ठिकाणी हो म्हणतात.

बिल्डिंग_अॅडमिन

दुसरी बाजू सांगतो, हेच काम करतो. इमारतवाले खोटं बोलत नाहीयेत. भाडेकरारात कंपनीला किती जागा आणि कोणत्या नंबरच्या हे लिहिलेलं असतं. आम्ही कर्मचाऱ्याच्या अर्जावर काही करू शकत नाही. पण त्या सहा जागा कंपनीच्या ताब्यात आहेत. त्यातली कोणाला द्यायची हे कंपनी ठरवते, आम्हाला फक्त ईमेल हवा: जागेचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, वेळ. त्यामुळे "इमारतीकडून जागा मिळवून द्या" असं लिहू नका. "कंपनीला मिळालेल्या जागांपैकी एक बदलून द्या" असं लिहा.

पोर्चमध्ये, अगदी दारात मागू नका. ती अग्निशमनाच्या गाडीची वाट असते, तिथे नाही म्हणणं आमचं कर्तव्य आहे.

आणि जागा मिळाल्यावरची खरी भानगड ऐका. गार्ड तिथे कोन ठेवतो किंवा साखळी लावतो. ताई स्कूटरवरून येणार, कोन हलवायला उतरणार कशा? आणि कोन नसेल तर कुरिअरवाला गाडी लावून जातो. गार्ड पाळीप्रमाणे बदलतात, एजन्सीच बदलते. म्हणून तोंडी सांगण्यावर जाऊ नका. पाटीवर दिव्यांग चिन्ह आणि गाडीचा नंबर, आणि गेटवरच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर सूचना. कोन ठेवायचाच तर गेटवरून गाडी दिसताच हलवायची जबाबदारी गार्डची, हे त्या ईमेलमध्ये हवं.

कलम_दाखवा

दंडाच्या आकड्याबद्दल दुरुस्ती मान्य. पण पाटीवर गाडीचा नंबर नको. स्कूटर दुरुस्तीला गेली आणि त्या रिक्षाने किंवा भावाच्या गाडीतून आल्या तर गार्ड अडवेल.

बिल्डिंग_अॅडमिन

नंबर नसेल तर कोणीही चिन्हाचं स्टिकर चिकटवून येतो, हे रोज बघतो. पर्यायी गाडीचा नंबर रजिस्टरमध्ये लिहा.

सुगम्य_मोजपट्टी

माझं मत नंबर नको असं आहे. उद्या दुसरा दिव्यांग कर्मचारी आला तर जागा एका माणसाची होऊन बसते. पण यावर वाद होऊ शकतो.

अर्जाचा मजकूर देतो, आपल्या मापांनी बदलून घ्या.

"मी अकाउंट्स विभागात कार्यरत असून मला डाव्या पायाचे कायमस्वरूपी दिव्यांगत्व आहे (यूडीआयडी प्रत सोबत). मी कॅलिपर व कुबडी वापरते. सध्याची दुचाकी जागा दुसऱ्या तळघरात असून लिफ्टपर्यंत येण्यासाठी वाहनांच्या उतारावरून चालत यावे लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार मला उतारावरून, विशेषतः ओल्या पृष्ठभागावरून, चालणे सुरक्षित नाही. माझ्या स्कूटरची रुंदी 112 सेंमी असून उतरण्यासाठी डाव्या बाजूस 1 मीटर मोकळी जागा लागते. गाडीस रिव्हर्स गिअर नाही. तरी कंपनीस मिळालेल्या समोरील सहा जागांपैकी कडेची एक जागा विनाशुल्क नेमून द्यावी. बदली जागा सुचवायची असल्यास ती प्रत्यक्ष दाखवून निर्णय लेखी कळवावा. कंपनीचे समान संधी धोरण व संपर्क अधिकाऱ्याचे नावही कळवावे."

ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख राहते. पंधरा दिवस थांबून त्याच ईमेलवर एक स्मरणपत्र. त्यानंतरही नुसतं तोंडी उत्तर आलं तर नियम 3 चा उल्लेख करून संचालकांच्या नावे तक्रार, आणि मग पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तालयात. तिथे साठ दिवसांत निकालाची तरतूद आहे. आयुक्त शिफारस करतात, खासगी कंपनीवर ती कितपत चालते यावर मतं वेगवेगळी आहेत, म्हणून तिथपर्यंत जायची वेळ न येता काम होणं बरं.

शमिका_प

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी सहकाऱ्याला घेऊन मोजते. समोरच्या सहांपैकी कडेच्या दोन आहेत, एक झाडाखाली आहे आणि तिथे मुळांनी फरशी उचललेली आहे. दुसरी संचालकांची. झाडाखालची दिली तर फरशी सपाट करून देणं कंपनीचं काम की इमारतीचं?

बिल्डिंग_अॅडमिन

समोरचा परिसर सामायिक असेल तर इमारतीचं. पण कंपनीने सांगितल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. त्याच ईमेलमध्ये फोटो जोडा, उचललेल्या फरशीशेजारी मोजपट्टी उभी धरून.