मदत हवी आहे: काळ्या डायवरून उबदार तपकिरी, नव्या स्टायलिस्टला ईमेलमध्ये काय लिहू?

मडगावकरीण:
मी लिस्बनला राहते. डिसेंबरात भावाच्या लग्नाला घरी येतेय. माझे केस बघणाऱ्या बाईंनी पार्लर बंद केलं, म्हणून पणजीतल्या एका नव्या स्टायलिस्टशी बोलले. ती म्हणाली, केसांचा सगळा इतिहास आधी ईमेलने पाठव. मसुदा असा आहे:

"नमस्कार. माझे केस मुळात फार गडद तपकिरी आहेत, घरात काळेच दिसतात. बरीच वर्षं पाकिटातला काळा डाय लावायचे, आता बंद केलाय. त्याआधी मेहंदीही लावायचे. मला उबदार तपकिरी रंग हवाय, भाजलेल्या काजूगराच्या सालीसारखा. लाल किंवा नारिंगी नको. लग्नाच्या आदल्या दिवशी जमेल का?"

यात काय कमी आहे?

कुंकळ्ळीचो_दादा:
पणजीत दर जास्त. मडगावला निम्म्यात होईल.

मडगावकरीण:
दादा, दराचा प्रश्न नाही. तिला नीट कळेल असं काय लिहायचं, ते विचारतेय.

सायली_म्हापसा:
एवढं कशाला लिहितेस गं? उबदार तपकिरीला ब्लीच लागतच नाही. आपल्या काळ्या केसांच्या आत लाल-नारिंगी असतोच, तो जरा उघडला की झालं. थेट ब्राऊन कलर लावायला सांग.

फोंडा_पार्लर:
सायली म्हणते ते न रंगवलेल्या केसांना लागू आहे. डाय केलेल्या केसांना नाही. नवा रंग आधीच्या डायला उजळवत नाही. थेट ब्राऊन लावला तर मुळाकडचे कोरे केस चटकन उघडतील, टाळूच्या उष्णतेने आणखीच, आणि नारिंगी दिसतील. खालचे काळेच राहतील. डोक्याभोवती पट्टा उठतो तो असाच.

म्हणून ताई, "बरीच वर्षं" लिहू नका, सेंटीमीटर लिहा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. तुमचे किती लांब आहेत? डाय कधी थांबवला?

मडगावकरीण:
साधारण 45 सेंटीमीटर. डाय थांबवून सहा-सात महिने झाले. मेहंदी दोनेक वर्षांपूर्वी सोडली आणि डाय तेव्हाच सुरू केला.

फोंडा_पार्लर:
म्हणजे तुमची टोकं तीन वर्षांची आहेत. मुळापासून 8 सेंटीमीटर कोरे. तिथून साधारण 30 पर्यंत फक्त काळा डाय. त्याखाली मेहंदी, आणि टोकापर्यंत डाय ओढला असेल तर मेहंदीवर डाय. हे तिन्ही भाग तसेच लिहा, कारण तिला प्रत्येकाला वेगळं हाताळावं लागणार.

मधल्या भागावर ती बहुतेक आधी कलर रिमूव्हर वापरेल. तो डाय सैल करतो, पण नीट धुतला गेला नाही तर पुढच्या रंगातल्या पेरॉक्साइडने केस परत काळे होतात. मेहंदी मात्र त्याने जात नाही. मेहंदीत नीळ असेल तर ब्लीचवर हिरवट झाक येऊ शकते. आणि मेहंदीच्या पाकिटात धातूचे क्षार असतील तर पेरॉक्साइड लागल्यावर केस तापतात, तुटतात. म्हणून पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो असेल तर जोडा. नसेल तर "घटक माहीत नाहीत" असं स्पष्ट लिहा, म्हणजे ती आधी एका बटेवर चाचणी घेईल.

आदल्या दिवशीचा विचार सोडा. ॲलर्जीची चाचणी किमान 48 तास आधी हवी, आणि हे काम एका बैठकीत होईलच असं नाही. लग्नाच्या दोन आठवडे आधी जा.

नीता_डिचोली:
माझा ब्राऊन तर आमच्या बोअरच्या पाण्याने महिन्याभरात गंजासारखा लाल झाला! पाण्याचंही लिही.

फोंडा_पार्लर:
पाण्यातल्या लोहाने रंग बदलतो हे खरं. पण नीता, तुमचा उन्हानेही उतरला असेल. न बघता सांगता येणार नाही.

सायली_म्हापसा:
मेहंदीची टोकं कापूनच टाकली तर? 15 सेंटीमीटरच आहेत.

फोंडा_पार्लर:
सगळ्यात सुरक्षित तेच. पण लग्नात अंबाडा घालायचा असेल तर लांबी लागेल. मी टोकं एक शेड गडद ठेवीन. ती कदाचित वेगळं म्हणेल.

फोटो खिडकीजवळ दिवसा काढा, बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात नको. केस मोकळे, पाठीमागून एक, आणि भांग पाडून मुळांचा एक. हव्या रंगाचा फोटो सावलीतला शोधा. उन्हातल्या फोटोत कुठलाही ब्राऊन दोन शेड उजळ दिसतो.

मडगावकरीण:
दुरुस्त मसुदा:

"मुळापासून 8 सेंमी कोरे. 8 ते 30 फक्त काळा डाय, पाकिटातला. 30 ते 45 आधी मेहंदी, तिच्यावर बरेचदा डाय. मेहंदीचे घटक माहीत नाहीत, कृपया आधी बटेवर चाचणी घ्या. सावलीत उबदार तपकिरी दिसावा, उन्हात थोडा लालसर चालेल, नारिंगी नको. टोकं गडद राहिली तरी चालेल. कापायची झाली तर आधी विचारा. दोन बैठका लागतील असं धरून मी लग्नाच्या तीन आठवडे आधी येते. ॲलर्जीची चाचणी पहिल्याच दिवशी करूया. फोटो सोबत जोडले आहेत."

अंबाड्याचं आईला विचारते. आज रात्री पाठवते.




नीता_डिचोली:
आणि पाण्याचं?

मडगावकरीण:
आमच्याकडे नळाचं पाणी आहे गं. तरी एक ओळ घालते.