मदत हवी आहे: काळ्या अक्षरांच्या कडेला रंगीत ठिपके, कार्ड नकली का?

नौपाड्यातल्या एका विक्रेत्याने जुन्या पोकेमॉन चारिझार्डचे मॅक्रो फोटो पाठवलेत. चित्रात ठिपक्यांची फुलं नीट दिसतात, पण ऑफसेटवर छापलेल्या नकलेतही ती येतात. शंका आहे ती अक्षरांची. अस्सल कार्डावर काळा मजकूर काळ्या शाईत सलग, ठिपक्यांशिवाय छापलेला असतो. इथे हल्ल्याच्या वर्णनातल्या अक्षरांना निळे-गुलाबी ठिपके चिकटलेत. म्हणजे स्कॅनवरून छपाई, की मोबाईलच्या शार्पनिंगची झालर?

चारही कोपरे सारखेच पांढरे पडलेत, तेही खटकतं. हाताळून झिजलेलं कार्ड सहसा इतकं एकसारखं नसतं. चमकेचं फोटोवरून सांगता येत नाही, उजेडाचा कोन बदलला की तीही बदलते.

रविवारी ठाणे स्टेशनजवळ कार्ड हातात मिळेल. 30 पटीचं भिंग पुरेल की 60 पटीचं न्यावं? आणि त्याच संचातलं खात्रीचं स्वस्त कार्ड तुलनेला कुणी देईल का?