लॅटरल थिंकिंगची कोडी सुचवा (वीस जण, अर्धा तास, कोणी मरायला नको)

सांजवात: घरचे सगळे जमतोय, आठ वर्षांच्या नातवंडांपासून पंचाहत्तरीच्या आजींपर्यंत. मी गोष्ट सांगणार, बाकीचे हो-नाही प्रश्न विचारून उत्तर काढणार, अशी तीन-चार कोडी हवीत. अटी दोनच: गोष्टीत कुणी मेलेलं नको आणि गणित नको.

गणोबा: मोकळ्या शेतात माणूस मरून पडलाय, शेजारी न उघडलेलं गाठोडं. उत्तर: पॅराशूट. याला तोड नाही. आमच्या ऑफिसात मी एकट्याने ओळखलं होतं.

सांजवात: दादा, तो मेलाय ना पण.

गणोबा: हल्लीच्या मुलांना चालतं हो.

अक्षरधूळ: बारा नाणी, एक खोटं, तराजू फक्त तीनदा वापरायचा. आठवडाभर डोकं खाल्लं होतं माझं.

टिपकागद: ते सुंदर आहे, पण वेगळ्या जातीचं. त्यात सगळ्या अटी समोर मांडलेल्या असतात, हिशेब तेवढा उरतो. ताईंना हवंय ते असं, की ऐकणारा स्वतःच्या मनाने एक अट जोडतो आणि तिथेच अडकतो.

रानवारा: मग नऊ ठिपके! कागदावरून पेन न उचलता चार सरळ रेषांत जोडायचे. 'चौकोनाबाहेर जा' एवढंच सांगायचं, लगेच सुटतं.

टिपकागद: लगेच नाही सुटत. 1981 मध्ये वाइसबर्ग आणि अल्बा या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना रेषा बाहेर नेता येतात हे स्पष्ट सांगून पाहिलं, तरी बहुतेकांना जमलं नाही. गृहीतक सुटलं तरी रेषा नेमकी कुठे वळवायची हे शोधायचं राहतंच. शिवाय कागद एकाच्या हातात आणि बाकीचे बघे.

त्यापेक्षा लिफ्टचं घ्या, थोडं बदलून. दहाव्या मजल्यावर राहणारा एक जण रोज सकाळी लिफ्टने तळमजल्यावर येतो. परतताना एकटा असेल तर सातव्यावर उतरून जिने चढतो. सोबत कुणी असलं किंवा पाऊस असला, की थेट दहाव्यावर.

लोक विचारतील, व्यायामासाठी का? नाही. लिफ्ट बिघडलीय? नाही. सातव्यावर ओळखीचं कुणी? नाही. मग कुणीतरी विचारतो, 'ऑफिसातून येताना दमलेला असतो का?' इथे नुसतं 'नाही' म्हणालात तर सगळे भलतीकडे जातात, कारण ऑफिस तसंच खरं मानलं जातं. म्हणून हो, नाही, 'संबंध नाही' यांच्या जोडीला चौथं उत्तर ठेवा: 'तुमच्या प्रश्नात काहीतरी धरून चाललाय.' मग ते आपलाच प्रश्न उलगडतात. ऑफिस कुणी सांगितलं? मोठा माणूस कुणी सांगितलं? तो लहान मुलगा आहे, हात सातव्याच्या बटणापर्यंतच पोचतो. पावसात छत्रीच्या टोकाने दहावं दाबतो.

रानवारा: पण सातव्यावर पाळणाघर असेल, तिथून धाकट्या भावाला घेऊन वर जात असेल. हेही बरोबरच की! या कोड्यांना काहीही उत्तर चालतं, म्हणून मला ती अन्यायाची वाटतात.

टिपकागद: काहीही नाही चालत. भावाला आणायचंय तर पावसाळी दिवशी थेट वर का? उत्तर कळल्यावर गोष्टीतला प्रत्येक विचित्र तपशील जागेवर बसला पाहिजे आणि एकही वाक्य खोटं ठरता कामा नये. तुमच्या उत्तरात पाऊस लटकतो. मात्र पाऊस आणि सोबत दोन्हींचा उलगडा करणारं दुसरं उत्तर कुणी दिलं, तर तेही मान्य करावं.

हेमाताई: सर्जनचं कोडं चालेल, बाबांना नुसतं जखमी ठेवून. अपघातात वडील आणि मुलगा जखमी. वडील एका खोलीत बेशुद्ध, मुलगा ऑपरेशनच्या टेबलावर. सर्जन मुलाला बघतात आणि म्हणतात, 'मी याच्यावर शस्त्रक्रिया करू शकत नाही, हा माझा मुलगा आहे.' सर्जन म्हणजे आई. पण सांगताना जपा. 'म्हणाल्या' म्हटलंत तर कोडं फुटतं, 'म्हणाले' म्हटलंत तर तुम्ही फसवलंत. गोष्ट वर्तमानकाळातच सांगायची. माझ्या भाच्याने 'म्हणाला' म्हणून टाकलं आणि मग तासभर भांडणं.

गणोबा: हे सगळ्यांना माहीत असतं. पॅराशूटच घ्या.

अक्षरधूळ: ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्याला उत्तरं देणारा करा. नाहीतर मधेच ओरडून मोकळा होतो.

सांजवात: सगळ्यांचे आभार. मी मात्र कुणीच न सुचवलेलं एक पक्कं केलंय. काळा डांबरी रस्ता, रस्त्यावरचे दिवे बंद, गाडीचे हेडलाइट बंद, आकाशात चंद्र नाही. काळे कपडे घातलेला माणूस अचानक रस्ता ओलांडतो, तरी ड्रायव्हर वेळेत ब्रेक लावतो. दुपार असते. 'रात्र' हा शब्द मी एकदाही उच्चारणार नाही.

गणोबा: फारच सोपं आहे हो ते.

सांजवात: आठ वर्षांच्या मुलाला आजीच्या आधी सुटावं, म्हणूनच निवडलंय. लिफ्टचं दुसरं घेईन. टिपकागद, 'धरून चाललाय' हे फार वेळा म्हटलं तर तीच खूण होऊन बसेल ना?

टिपकागद: होते, आणि त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.