मदत हवी आहे: व्हॉल्यूम प्रोफाइलच्या नोडवर खरेदी केली, तरी स्टॉपलॉस उडतो

रावेरकर
रामराम मंडळी. कॅशमधला एक शेअर सहा आठवडे ४१० ते ४२४ मध्ये फिरला आणि मग झपाट्याने ४५२ ला गेला. खाली यायला लागल्यावर Visible Range Volume Profile लावला, तर सगळ्यात लांब पट्टी, म्हणजे नोड, ४१६ ला दिसली. तिथे घेतला, स्टॉपलॉस ४१४. भाव ४१३.२० ला गेला, तिथेच घुटमळला आणि नंतर ४३० पार. साध्या आडव्या रेषेवर एवढा स्टॉप बऱ्याचदा पुरतो. मग नोडवर का पुरत नाही?

चोपड्याचे आबा
नोड म्हणजे मोठ्या पार्ट्यांनी माल उचललेली जागा. भाव तिथे परत आला की ते आपला माल वाचवतात. म्हणून नोड रेषेपेक्षा पक्का असतो. तुमचा स्टॉप फक्त जरा जवळ होता.

तापीकाठ
आबा, स्टॉप जवळ होता हे बरोबर. पण ४१६ ला जेवढा माल कोणी उचलला, तेवढाच कोणीतरी विकलाही आहे. प्रोफाइल फक्त कोणत्या भावाला किती सौदे झाले ते सांगतं, कोणाचे ते नाही. म्हणून तोच नोड वरून आलात तर सपोर्ट आणि खालून आलात तर रेझिस्टन्स होतो.

रावेरकर भाऊ, आडवी रेषा आपण भाव जिथून उलटला तिथे काढतो. तुमच्या चार्टवर ती ४२४ ला येईल. तिथे भाव थांबलाच नाही, म्हणून सौदेही कमी झाले. ४१६ चं उलटं आहे. तो भाव दोन्ही बाजूंना पटला होता, म्हणून तिथे व्यवहार साचले. पटलेल्या भावावर बाजार परत आला की रेंगाळतो, दोन-तीन रुपये वरखाली करतो. फटकन उलटायचं कारणच नसतं. तुमचा स्टॉप त्या रेंगाळण्याच्या मधोमध होता.

आता मोजणी बघा. Row Size २४ ठेवलं असेल आणि स्क्रीनवर ४०४ ते ४५२ दिसत असेल, तर एक पट्टी २ रुपयांची. म्हणजे तुमचं ४१६ हे खरं तर ४१४ ते ४१६ किंवा ४१६ ते ४१८ ची पट्टी आहे, आणि स्टॉप तिच्या कडेवरच किंवा फक्त दोन रुपये खाली. शिवाय Visible Range मध्ये चार्ट थोडा सरकवला तरी पट्ट्या बदलतात. Fixed Range घ्या, ४१० ते ४२४ मधलं फिरणं सुरू झालं त्या दिवसापासून ४५२ च्या टोकापर्यंत ओढा. मग Row Size ४८ करून बघा. फुगवटा तिथेच राहिला तर खरा, सुटी शेंडी इकडेतिकडे उडाली तर सोडा.

समजा फुगवटा ४१२ ते ४२० निघाला. कामाच्या जागा त्याच्या कडा. भाव आत शिरू द्या, १५ मिनिटांची कँडल ४२० च्या वर बंद झाली की ४२१ ला घ्या, स्टॉप ४११, म्हणजे खालच्या कडेबाहेर. हजार रुपये जोखीम असेल तर १०० शेअर. २ रुपयांच्या स्टॉपवर तुम्ही ५०० घेत असाल, तेवढे इथे चालणार नाहीत. वर ४२४ ते ४४० भागात पट्ट्या आखूड असतील, तिथून भाव भरभर जातो. पुढचा फुगवटा येईल तिथे नफा काढा.

सराफगल्ली
मी एमसीएक्सवर गोल्ड मिनी करतो. खाली व्हॉल्यूमचा उंच बार आला की त्या कँडलच्या लो वर रेषा मारतो. तोच नोड ना?

तापीकाठ
नाही दादा. खालचा बार त्या वेळेत किती सौदे झाले ते दाखवतो, कोणत्या भावाला ते नाही. लो वर तर बऱ्याचदा अगदी थोडे झालेले असतात. आणि गोल्ड मिनीत `GOLDM1!` या सलग चार्टवर प्रोफाइल लावू नका. दोन वेगवेगळ्या महिन्यांच्या करारांच्या भावात फरक असतो, सांधा येतो तिथे एकच फुगवटा दोन ठिकाणी फाटतो. चालू करार घ्या, आणि त्यात व्हॉल्यूम आला तिथून पुढचीच रेंज धरा.

रावेरकर
केलं. ४८ वर फुगवटा ४१३ ते ४१९ राहिला. पण त्यातला अर्धा व्हॉल्यूम निकालाच्या एका दिवसाचा आहे. तो धरायचा का?

तापीकाठ
तो दिवस वगळून दोन्ही बाजूंच्या रेंज वेगळ्या लावा. तरी ४१६ जवळ फुगवटा राहिला तर धरा, नाहीतर एका दिवसाच्या गर्दीवर मी पैसे लावणार नाही.

चोपड्याचे आबा
मी लावीन. निकाल कळल्यावर झालेला सौदा जास्त विचार करून होतो, आणि पुढच्या निकालापर्यंत तोच भाव डोक्यात असतो.

तापीकाठ
आबा, निकालाच्या दिवशी पहिल्या तासाची घाईही त्यातच मोजली जाते. ती वेगळी काढून दाखवा, मग बघू.