घर भाड्याने घेताना दलालीच्या अटी लेखी ठरवल्या होत्या का? आपापले अनुभव सांगावेत

सातरस्ता

माझी भाची बार्शीहून सोलापुरात नोकरीसाठी येत आहे. काल तिने फोनवर विचारले, "मावशी, एजंट म्हणतो एक महिन्याचे द्या. म्हणजे नक्की किती?" या प्रश्नाने 2018 सालची आमची सैफुलची सदनिका आठवली, म्हणून हा धागा काढते आहे.

घराचे भाडे 9,000, सोसायटीची देखभाल 1,000 आणि अनामत 30,000 रुपये होती. एजंटने फोनवर सांगितले होते, "एक महिन्याचे, बाकी काही नाही." दमाणी नगरच्या जुन्या घरासमोर टेम्पो सामानाने भरून उभा असताना आम्ही सह्या करायला त्याच्या दुकानात गेलो, तेव्हा त्याने वहीच्या पानावर दलाली 10,000 आणि करारखर्च 3,500 असे लिहून पुढे सरकवले. महिना म्हणजे देखभालीसह महिना, असे त्याचे म्हणणे होते आणि करारखर्चाचा तर त्याआधी उल्लेखही झाला नव्हता. टेम्पोवाला दर दहा मिनिटांनी फोन करत होता, त्यामुळे यजमानांनी वाद न घालता 13,500 रुपये दिले.

अकरा महिन्यांनी त्याच एजंटचा फोन आला की मुदतवाढीची अर्धी दलाली, म्हणजे 5,000 रुपये, द्यावी लागेल. घरमालक म्हणाले, "त्याच्यामार्फतच करा, मला यातले कळत नाही." घासाघीस करून 2,500 वर मिटले. मनात धरलेले 9,000 असे 16,000 झाले आणि गंमत म्हणजे त्याने एकही शब्द मोडला नव्हता, कारण मोडण्याइतका शब्द आम्ही घेतलाच नव्हता.

शेळगीकर

टेम्पो भरून मग सह्या करायला जाणारे आम्ही एकटेच आहोत, असा माझा इतके दिवस समज होता. आता मन हलके झाले, ताई.

विजापूररोड

मी बरीच वर्षे भाडेकरारांच्या ऑनलाइन नोंदणीचे काम केले आहे, त्यामुळे त्या 3,500 रुपयांची फोड करून दाखवतो. अकरा महिन्यांचे भाडे 99,000 रुपये होते. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचे 2,750 रुपये झाले. या दोहोंच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते, म्हणजे अडीचशेच्या थोडे वर. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000 रुपये. सरकारात साधारण तेराशेच्या आतबाहेर गेले असतील आणि उरलेले सुमारे 2,200 रुपये ही माहिती भरण्याची, बोटांचे ठसे घ्यायला घरी येण्याची, फेऱ्यांची मजुरी होती. मजुरी घेण्यात गैर काही नाही, मात्र ती "करारखर्च" या एका शब्दात दडवली की सगळे पैसे सरकारलाच गेले असे माणसाला वाटते. सरकारी शुल्क चलनाप्रमाणे आणि मजुरी इतकी, असे दोन आकडे वेगळे लिहून मागावेत. हा खर्च मालकाने की भाडेकरूने सोसायचा हे आपसांत ठरते, तेही त्याच चिठ्ठीत यावे.

गड्ड्याचीजत्रा

ताई, तुम्ही महारेराकडे तक्रार का केली नाही? प्रत्येक एजंटला तेथे नोंदणी क्रमांक घ्यावाच लागतो आणि त्याशिवाय दलाली घेणे हा गुन्हा आहे.

विजापूररोड

अर्धे बरोबर आहे. ती नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे व भूखंड यांची विक्री करून देणाऱ्या एजंटांसाठी असते. निव्वळ भाड्याची घरे दाखवणारा त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पण अडीच हजारांसाठी तारखांना कोण जाणार? आणि गेलात तरी पहिला प्रश्न हाच येईल की ठरले काय होते.

आसराचौक_शिक्षिका

माझा फटका वेगळा होता. होटगी रोडवरचे घर पसंत पडल्यावर एजंटच्या हातात 2,000 रुपये टोकन दिले. चार दिवसांनी मालकांचा मुलगा पुण्याहून परत येणार असल्याचे कळले आणि घर गेले. टोकन मागितले तेव्हा एजंट म्हणाला की ते घरे दाखवण्याच्या कष्टाचे होते. टोकन मालकाचे की एजंटचे, हे मीही विचारले नव्हते आणि त्यानेही सांगितले नव्हते. पैसे अखेर मिळाले नाहीत.

तेव्हापासून घर पाहायला निघण्यापूर्वीच मी व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवते आणि "मान्य" असे उत्तर आल्यावरच रिक्षात बसते. मजकूर असा आहे:

"आपल्या बोलण्याप्रमाणे लिहीत आहे. दलाली फक्त मूळ भाड्याच्या एका महिन्याइतकी, देखभाल त्यात धरलेली नाही. ती कराराची नोंदणी झाल्यावर आणि किल्ली हातात आल्यावर एकदाच द्यायची. टोकन मालकांच्या नावाने असेल आणि मालकांनी नकार दिल्यास पूर्ण परत मिळेल. करारखर्च वेगळा, रक्कम आधी कळवावी. मुदतवाढीला दलाली नाही. चूक असल्यास दुरुस्त करून पाठवावे."

शेवटचे वाक्य मुद्दाम ठेवले आहे. त्यामुळे समोरच्याला अपमान वाटत नाही आणि बहुतेक जण एखादा मुद्दा दुरुस्त करून पाठवतात. ती दुरुस्ती घर पाहण्याआधी कळणे हाच माझा फायदा असतो.

बाळेकर_काका

मी घरमालक आहे. माझ्या भाडेकरूने तीन महिन्यांचे भाडे थकवले आहे. ज्या एजंटने त्याला आणले त्याने ते भरून द्यायला नको का? मी त्याला एक महिन्याची दलाली दिली होती.

आसराचौक_शिक्षिका

काका, तशी हमी त्याने लिहून दिली असेल तरच ते मागता येईल, आणि तशी हमी देणारा एजंट माझ्या तरी पाहण्यात नाही. पण तुमच्या बोलण्यातून एक गोष्ट कळली. मला माझा एजंट सांगत होता की मालक एक पैसा देत नाहीत, म्हणून सगळा भार तुमच्यावर येतो.

बाळेकर_काका

मलाही तो हेच सांगत होता की भाडेकरू काही देत नाही.

शेळगीकर

काका आणि ताई, तुमचा एजंट एकच तर नाही ना?

घरशोधक_सोलापूर

मी स्वतः चौदा वर्षे हाच व्यवसाय करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. दोन्ही बाजूंकडून दलाली घेणे ही रीतच आहे, पण ती लपवणारे आमच्यात आहेत हे मान्य करतो. मी एका खोलीला पंधरा दिवसांचे आणि सदनिकेला एक महिन्याचे भाडे घेतो आणि कार्डाच्या मागे तसे लिहून सही करून देतो.

आता माझी तक्रार ऐका. जुळे सोलापूर भागात एका कुटुंबाला मी सहा घरे दाखवली. चौथे त्यांना आवडले, पण मला त्यांनी नापसंत म्हणून सांगितले. पुढच्या महिन्यात त्या घराच्या गच्चीवर त्यांचे कपडे वाळत घातलेले दिसले. म्हणून माझ्या चिठ्ठीत आता असे वाक्य असते की मी दाखवलेले घर तीन महिन्यांच्या आत थेट मालकाकडून घेतले तरी दलाली द्यावी लागेल. शिक्षिकाताईंच्या मजकुरात ही बाजू नाही. लेखी ठरवायचे तर दोघांच्याही बाजूने ठरवावे.

मुदतवाढीबाबत मी भाडेकरूकडून काही घेत नाही. नव्या कराराची कागदपत्रे केली तर तेवढी मजुरी घेतो. मालकांनी भाडेवाढीची बोलणी करायला मला बोलावले तर त्यांच्याकडून मात्र घेतो.

सातरस्ता

दादा, तीन महिन्यांचे वाक्य रास्त वाटते, पण त्यात कोणती घरे हे लिहिलेले असावे. नाहीतर ज्या इमारतीत एक घर दाखवले, तिच्यातल्या प्रत्येक घरावर दलाली मागितली जाईल.

घरशोधक_सोलापूर

बरोबर आहे. घर दाखवून झाले की मी सदनिकेचा क्रमांक आणि तारीख व्हॉट्सॲपवर पाठवतो, तोच पुरावा. मुदतवाढीत मात्र माझे व्यवसायबंधू माझ्याशी सहमत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की भाडेकरू आमच्यामुळे टिकला तर दरवर्षी थोडे मिळायलाच हवे.

विडीघरकुल

अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे केला की नोंदणीची गरजच नसते. मग ताईंचे "नोंदणी झाल्यावर दलाली" हे वाक्य कशासाठी? आमच्याकडे सगळे नोटरीच करतात.

विजापूररोड

सगळे करतात हे खरे, गरज नसते हे खरे नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मग मुदत कितीही असो, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. दलालीशी याचा थेट संबंध आहे. चिठ्ठीत नुसते "करार झाल्यावर" असे लिहिले की एजंट टोकनच्या पावतीलाही करार म्हणतो, नोटरीच्या कागदालाही म्हणतो आणि पैसे मागतो. पुढे मालकांनी नोंदणी टाळली तरी दलाली गेलेली असते. म्हणून "नोंदणी" आणि "किल्ली" हे दोन शब्द हवेत. पैसे यूपीआयने द्यावेत आणि शेऱ्यात घराचा क्रमांक व "दलाली, पूर्ण" असे लिहावे. रोख दिल्यास तेवढीच पावती घ्यावी.

एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर दलालीवर 18 टक्के कर लावू शकतो, तेव्हा रक्कम करासह की करावेगळी हेही विचारून ठेवावे. नोंदणी नसताना कर मागितला तर बिलावरचा क्रमांक दाखवायला सांगावे.

गड्ड्याचीजत्रा

महारेराबद्दलची माहिती मी तीन जणांना छातीठोकपणे दिली होती. आता त्यांना फोन करतो.

आसराचौक_शिक्षिका

एक शंका राहिली. समजा मालकांनी अकरा महिन्यांच्या आधीच, चौथ्या महिन्यात घर रिकामे करून मागितले, तर दलालीचा काही भाग परत मागता येतो का?

घरशोधक_सोलापूर

मी एकदा अर्धी परत दिली होती, कारण मालक माझ्या ओळखीचे होते आणि मला लाज वाटली. लिहून मात्र कधी दिलेले नाही आणि देईन असेही वाटत नाही. घर टिकणे माझ्या हातात नसते.

विजापूररोड

नोंदणी होऊन किल्ली मिळाली की एजंटचे काम पूर्ण झाले, असाच अर्थ बहुधा निघेल. त्यापेक्षा मुख्य करारात पहिले सहा महिने मालकाने घर मागू नये अशी अट घालावी. दलालीच्या चिठ्ठीवर तेवढा भार टाकू नये.

सातरस्ता

भाचीने शिक्षिकाताईंचा मजकूर, तीन महिन्यांचे वाक्य जोडून, काल रात्री एजंटला पाठवला. आज सकाळी उत्तर आले, "सगळे मान्य, फक्त देखभाल धरून महिना." तेथील देखभाल 800 रुपये आहे. तिने आठशे मान्य करावेत की नाही यावर घरात सकाळपासून दोन तट पडले आहेत. यजमान म्हणतात, द्यावेत, निदान या वेळी टेम्पो भरण्याआधी कळले. घर पाहायला ती रविवारी येते आहे.